चहा ठेवा, सोनं परत करा : चिनी पार्टीची भारी भेट दोघांचा मान राखून कशी परतवावी

धंद्यातल्या चिनी पार्टीकडून आलेली भेट आपल्याला पेलणारी नसली, तरी ती सगळीच्या सगळी परत करायची नसते. त्यातलं हलकं असेल ते ठेवायचं, भारी असेल ते परत करायचं आणि परत करताना आपल्याकडचंही काहीतरी त्यांच्या हातात द्यायचं. मग उरतात तीन गोष्टी : वेळ, जागा आणि शब्द. हा लेख मुख्यतः त्या तिन्हींबद्दल आहे.

हा तोडगा चिनी लोकांचाच आहे आणि फार जुना आहे. इसवीसनपूर्व ६३७ च्या सुमाराची गोष्ट. जिन राज्याचा परागंदा राजपुत्र छोंग-अर आसरा शोधत या राज्यातून त्या राज्यात फिरत होता. छाओ राज्याच्या राजाने त्याचा पाणउतारा केला. तिथला एक दरबारी होता शी फूची. त्याच्या बायकोने ओळखलं, की हा माणूस उद्या आपल्या राज्यात परतून गादीवर बसणार, तेव्हा आत्ताच त्याच्याशी सूत जुळवलेलं बरं. मग शी फूचीने राजपुत्राला जेवणाचं ताट पाठवलं आणि त्यात जेडचा मौल्यवान तुकडा ठेवला. राजपुत्राने जेवण ठेवून घेतलं आणि जेड परत पाठवलं. पाच वर्षांनी, इसवीसनपूर्व ६३२ मध्ये, तो राजा म्हणून छाओवर चालून गेला, तेव्हा शी फूचीच्या वाड्यात कुणी पाऊल टाकायचं नाही असा त्याने सैन्याला हुकूम दिला. भेट परत गेली होती, तरी माणुसकी पोचली होती आणि तिची फेडही झाली. तुम्हाला नेमकं हेच साधायचं आहे.

एक प्रसंग धरून चालू

समजा, तुम्ही इचलकरंजीच्या बाजूच्या एका सूतगिरणीत निर्यात बघता. झेजियांग प्रांतात शाओशिंगजवळ खछ्याओ म्हणून कापडाची प्रचंड बाजारपेठ आहे. तिथला एक कापड कारखानदार काही वर्षं तुमच्याकडून ३२ काउंटचं सूत घेतो. मध्यंतरी त्याचे माग सुताअभावी थांबायची वेळ आली होती, तेव्हा तुम्ही न्हावा शेव्यातून त्याचे दोन कंटेनर आधीच्या जहाजावर चढवून दिलेत. आता तुम्ही तिकडे गेला आहात. परतीच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी जेवण झाल्यावर मालक तुमच्या हातात एक कागदी पिशवी देतो. वर लोंगजिंग चहाचे दोन डबे आहेत. खोलीवर येऊन बघता, तर डब्यांखाली लाल मखमली पेटी आणि तिच्यात २० ग्रॅमचं सोन्याचं बिस्किट.

चहा हांगझोऊचा. त्या भागात कुणालाही द्यावा असा. सोन्याची गोष्ट वेगळी. त्याचा भाव दोघांनाही माहीत असतो, त्यामुळे ‘मला किंमत ठाऊक नव्हती’ हा आडोसा कुणालाच उरत नाही. जेडचं कडं किंवा जुन्या पुअर चहाची वडी असती तर थोडी पळवाट होती. तिची किंमत जाणकारालाच कळते, आणि न कळल्याचा बहाणा दोघांनाही सोयीचा पडतो.

देताना : घ्या, उघडू नका, काही ठरवू नका

जेवणाच्या टेबलावर चारचौघांत पिशवी पुढे आली, की ती दोन्ही हातांनी घ्यायची. एकदोनदा ‘अहो, कशाला’ म्हणणं तिकडे शिष्टाचारात बसतं. देणाराही ते धरूनच चाललेला असतो आणि पुन्हा पुढे करतो. म्हणूनच टेबलावरच्या नकाराचा काही उपयोग होत नाही. तुमचा नाही म्हणजे विनय आहे की ठाम नाही, हे त्याला कळत नाही. आणि ठाम आहे हे कळावं म्हणून तुम्ही आवाज चढवलात, तर त्याच्या माणसांदेखत त्याची फजिती होते. तेव्हा घ्यावं, आभार मानावेत आणि पिशवी बाजूला ठेवावी. समोर उघडायची तिकडे पद्धत नाही, आणि ती तुमच्या पथ्यावरच पडते. आत काय आहे हे टेबलावर कुणीच पाहिलेलं नसतं, त्यामुळे नंतर तिथून काय परत गेलं हेही कुणाला कळणार नसतं.

अपवाद एकच : भेट उघडीच असते, उदाहरणार्थ मनगटावर बांधायला काढलेलं घड्याळ किंवा बायकोसाठी म्हणून दाखवलेलं कडं. अशा वेळी ‘किती सुंदर आहे!’ असं मनापासून म्हणा आणि पेटी बंद करून घ्या. परत करायचं ते नंतर, एकांतात.

त्याच रात्री करायच्या तीन गोष्टी

खोलीवर आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे पेटीचा फोटो काढायचा. बिस्किट प्लास्टिकच्या सीलबंद कार्डात असेल तर ते फोडायचं नाही. सोबत शुद्धतेचं प्रमाणपत्र किंवा दुकानाची पावती असेल तर ती जिथे होती तिथेच राहू द्या. परत जाणारी वस्तू वापरलेली, हाताळलेली वाटता कामा नये, कारण ती तो आणखी कुणाला देऊ शकेल एवढी सोय तुम्ही ठेवायला हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या वरिष्ठांना त्याच रात्री दोन ओळींचा मेल : ‘अमुक पार्टीने चहा आणि २० ग्रॅम सोनं दिलं. चहा ठेवतो, सोनं उद्या परत करतो.’ त्यात कौतुक नको आणि आरोपही नको. हा मेल तुमच्या बचावासाठी आहेच, पण त्याचा दुसरा उपयोग उद्या होणार आहे. उद्या तुम्ही म्हणणार आहात, की मी कंपनीला कळवलंय, आणि ते खरं असायला हवं.

तिसरी गोष्ट जरा शांतपणे करायची : ही भेट कशासाठी आहे, याचा विचार. व्यापारात सहसा विकणारा घेणाऱ्याला भेट देतो. इथे उलटं झालंय, घेणारा विकणाऱ्याला देतोय. असं तीन कारणांनी होतं. एक, खरोखरची कृतज्ञता. दोन कंटेनर लवकर आले म्हणून त्याचे माग चालू राहिले, हे तो विसरलेला नाही. दोन, पुढच्या टंचाईत आपला नंबर आधी लागावा ही इच्छा. तीन, काहीतरी ठरावीक मागणी लवकरच येणार आहे : उधारीची मुदत वाढवून हवी असेल, एखाद्या तक्रारीत सूट हवी असेल किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाला काय भावाने देता ते जाणून घ्यायचं असेल. पहिल्या कारणात कधीच घाईची छटा नसते. दुसऱ्या-तिसऱ्यात जेवतानाच एखादं वाक्य सहज म्हणून पेरलेलं असतं, ते आठवून बघा. माझ्या मते कृतज्ञतेची भेट परतवणं सगळ्यात अवघड असतं, कारण तिथे तुम्ही त्या माणसाच्या चांगुलपणालाच नाही म्हणता. मागणीची भेट परत गेली, तर देणाऱ्याला फारसं नवल वाटत नाही. त्याने अंदाज घेतलेला असतो.

दोन्ही बाबतींत परत करण्याची रीत एकच. फरक एवढाच, की कृतज्ञतेच्या भेटीत ‘तुम्ही कंटेनरची गोष्ट लक्षात ठेवलीत, हेच मला खूप झालं’ हे वाक्य आधी यायला हवं. मागणीच्या भेटीत ते वाक्य टाळावं, कारण मागणीला आपण उत्तर देतोय असा त्याचा अर्थ होतो.

कारण कोणतं द्यायचं

इथे बरेच जण चुकतात. पहिल्यांदा सुचतं ते कारण वस्तूविषयी असतं : सोनं भारतात नेता येत नाही, कस्टमचा त्रास होतो. ते खोटंही नसतं. चार-आठ दिवसांच्या दौऱ्यावरून परतणाऱ्याला सोन्याच्या बिस्किटावर कसलीही मोफत सवलत नाही, ते जाहीर करून शुल्क भरावं लागतं. पण हे कारण दिलंत, की समोरचा माणूस मनापासून तुमची अडचण सोडवायला लागतो. सोनं नको, मग जेडचं कडं घ्या. नेता येत नाही, मग मुंबईत आमच्या ओळखीचा आहे, त्याच्या हातून घरी पोचवतो. आता तुमच्यापुढे जास्त मोठा पेच उभा राहतो, कारण अडचण सुटली आणि तरीही तुम्ही नाही म्हणताय.

‘फार महाग आहे’ हेही नको. त्यातून एक तर तुम्ही त्याच्या ऐपतीवर बोलता, नाहीतर स्वस्त चालली असती असं सुचवता. ‘हे आमच्या तत्त्वात बसत नाही’ हे तर अजिबात नको, कारण मग त्याने जे केलं ते तत्त्वाबाहेरचं ठरतं आणि तुम्ही त्याच्यावर लाचेचा शिक्का मारलेला असतो.

चालतं ते कारण असं, की जे सगळ्यांना, नेहमी आणि वस्तू कोणतीही असली तरी लागू होतं. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असतं, तेव्हा कुणालाच अपमान वाटत नाही ना, तसंच. नियम आधीचा आहे आणि सगळ्यांसाठी आहे, म्हणून तो एकट्याला बोचत नाही. नोकरीत असाल तर कंपनीचा नियम हे कारण तिकडे सहज पटतं. चीनमध्ये सरकारी अधिकाऱ्यांच्या भेटी-मेजवान्यांवर डिसेंबर २०१२ पासून कडक निर्बंध आले. खासगी कंपनीच्या माणसाने पदाचा फायदा घेऊन पैसे किंवा वस्तू घेणं हाही तिथल्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे ‘आमच्याकडे नियम आहे’ हे ऐकलं, की तिथल्या व्यापाऱ्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. तोही अशाच नियमांत वावरतो.

गिरणी तुमचीच असेल तर मात्र हे कारण लंगडं पडतं. मालकाला कोण नियम घालणार? मग घरची रीत सांगावी : ‘धंदा वडिलांनी सुरू केला. व्यवहारातल्या माणसाकडून खाण्यापिण्याच्या वस्तूंपलीकडे काही घ्यायचं नाही, हे त्यांनी घालून दिलंय.’ वडिलांचा शब्द पाळणाऱ्या माणसाला तिकडे कुणी आडवं जात नाही. पण हे खरं असलं तरच बोला. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचं सोनं घेतल्याचं त्याच्या कानावर गेलं, तर आजचं सगळं बोलणं खोटं ठरेल, आणि खछ्याओच्या बाजारात सगळे एकमेकांना ओळखतात.

मध्यस्थ घ्यावा का

चीनमध्ये नाजूक गोष्ट थेट न बोलता मधल्या माणसाकरवी पोचवणं सभ्यपणाचं मानतात. तुमचा तिथला एजंट, ज्याने मुळात ही पार्टी जोडून दिली, तो यासाठी योग्य. तो आधी कानावर घालतो, समोरच्याला विचार करायला रात्र मिळते आणि प्रत्यक्ष भेटीत कुणालाच धक्का बसत नाही. पण मधला माणूस आला, की गोष्ट तीन जणांना कळते. एजंट बोलका असेल, किंवा त्याचा-मालकाचा हिशेब आधीच बिनसलेला असेल, तर तो नकोच. मालक आणि तुम्ही एकमेकांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तरी बोलू शकत असाल, तर माझं मत एकटं भेटावं असंच आहे. दुभाष्या मुलीला किंवा हाताखालच्या पोराला मात्र मध्ये घालू नका. हुद्द्याने खालच्या माणसाच्या हातून भेट परत येणं हा त्या माणसाला चांगलाच बोचणारा प्रकार असतो.

परत करण्याची वेळ आणि जागा

शक्यतो दुसऱ्याच दिवशी, आणि चीन सोडण्याआधी. महिनाभराने परत गेलेली भेट विचित्र दिसते. तुम्ही मधल्या काळात काहीतरी ठरवलं, कुणाशी बोललात किंवा काही बिनसलं, असं वाटतं. भावाची बोलणी त्याच दिवशी ठरलेली असतील, तर आधी भेट परत करा आणि मग बोलणीला बसा, किंवा बोलणी पूर्ण आटोपून, हात मिळवून झाल्यावर परत करा. मध्येच केलीत, तर ती भावाला दिलेल्या नकारासारखी वाचली जाते.

जागा अशी हवी, की तिसरं कुणी नसेल आणि परत करणं हा त्या भेटीचा एकमेव विषय वाटणार नाही. त्याच्या कचेरीत काचेच्या भिंती असतात आणि माणसं ये-जा करतात, तेव्हा ती नको. माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात बरी जागा म्हणजे जेवणाची खासगी खोली, बाकीचे यायच्या वीस मिनिटं आधी. हे जेवण तुम्ही द्या. ‘उद्या माझ्याकडून’ असं आदल्या रात्रीच सांगून ठेवा, आणि ‘थोडं आधी या, दोघं चहा घेऊ’ असंही म्हणा. बिल भरण्यावरून तिकडे खरोखर ओढाताण होते, म्हणून जेवण संपत आलं, की हात धुवायला उठल्याचं निमित्त करून काउंटरवर आधीच पैसे भरून या. ज्याने तुम्हाला सोनं दिलं त्याला तुम्ही जेऊ घातलंत, हे त्याच्या हिशेबात जमा होतं.

हातात काय असावं

रिकाम्या हाताने भेट परत करायची नाही. मूळ पिशवीतही नको, कारण ती त्याच्या ड्रायव्हरने, बायकोने पाहिलेली असते. वेगळी, साधी, लाल किंवा सोनेरी पिशवी घ्या. खाली सोन्याची पेटी, वर तुमची भेट. कुणी डोकावलं तरी दिसते ती तुमची भेट.

तुमच्या भेटीची किंमत चहाच्या डब्यांपेक्षा थोडी जास्त, सोन्यापेक्षा पुष्कळ कमी. म्हणजे ठेवून घेतलेल्या चहाची परतफेड होते आणि सोन्याच्या तोडीचं काही देण्याचा आव राहत नाही. घरून निघतानाच अशा एकदोन वस्तू सामानात टाकून ठेवाव्यात : संभाजीनगरची हिमरू शाल, सावंतवाडीची रंगवलेली लाकडी फळं, कोकणातले भाजलेले काजू. फळांत पेअर आला तर तेवढा काढून ठेवा. चिनी भाषेत त्याच्या नावाचा उच्चार ताटातुटीसारखा होतो. कोल्हापुरी चपला कितीही देखण्या असल्या तरी नकोत, पादत्राण भेट देणं तिकडे अशुभ मानतात. भिंतीवरचं किंवा टेबलावरचं घड्याळ, छत्री, सुरी याही नकोत. पांढऱ्या कागदात गुंडाळू नका, आणि नग चार नसावेत. दोन किंवा सहा चालतात.

बोलणं कसं चालतं

चहा ओतून झाला, की विषय काढा. साधारण असं :

‘काल तुम्ही दिलेला चहा मी घरी नेणार आहे, वडिलांना लोंगजिंगचं फार कौतुक आहे. तुम्ही कंटेनरची गोष्ट लक्षात ठेवलीत, ती मीही लक्षात ठेवीन. एका बाबतीत मात्र मला तुमची मदत लागणार आहे. आमच्या कंपनीत खाण्यापिण्याच्या वस्तूंपलीकडे काही घेता येत नाही, मोठ्या साहेबांपासून सगळ्यांना तोच नियम. मी काल रात्रीच कळवलंय. तुमचा जिव्हाळा मी पूर्ण स्वीकारलाय, ही वस्तू तेवढी तुमच्याकडे राहू दे.’

यातलं शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडचं आहे. चिनीत ‘शिनयी वो लिंग ल’ म्हणतात : तुमची भावना माझ्यापर्यंत पोचली. भेट नाकारताना हेच म्हणायची तिकडे रीत आहे. तुम्ही चिनी बोलत नसाल तरी एवढं पाठ करून म्हणा. उच्चार वाकडा झाला तरी हरकत नाही, उलट चेहऱ्यावर हसू येतं आणि हवेतला ताण जरा हलका होतो.

तो दोन-तीनदा आग्रह करणार. पहिला सहसा नुसता ‘छे, छे, लहानशी गोष्ट’ असा असतो, त्यावर हसून तेच पुन्हा म्हणावं, नवीन कारण जोडू नये. दुसरा जास्त टोकदार असतो : ‘तुम्ही मला परकं समजता का?’ त्यावर उत्तर : ‘परकं समजलो असतो, तर हॉटेलच्या काउंटरवर ठेवून निघून गेलो असतो. आपलं मानतो म्हणून समोर बसून सांगतोय.’ तिसरा आग्रह असतो : ‘कुणाला कळणार आहे?’ इथे आवाज खाली घ्यायचा आणि म्हणायचं : ‘ब्ये रांग वो वेइनान’, मला अडचणीत टाकू नका. आतापर्यंत तुमच्या नकाराने त्याचा मान कमी होत होता. या वाक्यानंतर त्याच्या आग्रहाने तुमचा मान कमी होईल, आणि ते होऊ न देणं हे यजमान म्हणून त्याच्याकडे येतं. सभ्य माणूस इथे थांबतो.

थांबला की नाही, हे बोलण्यातून कळत नाही. हातांकडे बघा. पिशवी उचलून त्याने स्वतःच्या खुर्चीपाशी ठेवली आणि लगेच जेवणाचा, मुलांचा किंवा तुमच्या उद्याच्या गाडीचा विषय काढला, तर विषय संपला. पिशवी टेबलाच्या मधोमध तशीच राहिली आणि तो ‘झाय श्वो, झाय श्वो’, म्हणजे नंतर बघू, असं म्हणाला, तर ती रात्री ड्रायव्हरच्या हातून पुन्हा तुमच्या हॉटेलवर येणार असं धरून चाला. हॉटेलच्या काउंटरवर सांगून ठेवा, की माझ्या नावाने काही घेऊ नका, मला फोन करा.

चौथ्यांदाही परत आलं तर

काही माणसं खरोखरच ऐकत नाहीत, विशेषतः वयाने मोठी. त्यांच्याशी पाचव्यांदा ओढाताण करू नका. मग ‘मी माझ्यासाठी घेत नाही, कंपनीच्या वतीने घेतो’ असं म्हणा, आणि तसंच करा. चिनी पोर्सलीनचं भांडं किंवा जेडची मूर्ती असेल, तर ती गिरणीच्या कचेरीत काचेच्या कपाटात ठेवून फोटो पाठवता येतो. सोन्याच्या बाबतीत मात्र कंपनीने ते हिशेबात धरायचं, येताना विमानतळावर जाहीर करून शुल्क भरायचं, आणि मालकांच्या सहीचं आभारपत्र कंपनीच्या नावाने पाठवायचं. हे पत्र मिळालं, की बहुतेक देणारे पुढच्या वेळी आपोआप चहावर येतात, कारण आपल्या वैयक्तिक भेटीला कंपनीची पोच मिळणं कुणालाच रुचत नाही. हे जरा धूर्तपणाचं आहे, पण उपयोगी पडतं.

भारतात परतल्यावर पेटी उघडली असेल, तर कुरिअरने परत पाठवायच्या भानगडीत पडू नका. तिकडच्या कस्टममध्ये पार्सल अडकलं, तर भेट देणाऱ्यालाच स्वतःच्या सोन्याबद्दल जबाब द्यावे लागतात आणि शुल्कही भरावं लागू शकतं. मद्य तर बहुतेक कुरिअरवाले घेतच नाहीत. अशा वेळी लगेच कंपनीकडे जमा करा, त्याला वीचॅटवर आवाजी निरोप पाठवा आणि पुढच्या प्रत्यक्ष भेटीत एकांतात बोला. वस्त्रोद्योगातली पार्टी असेल, तर ग्वांगझोऊच्या कँटन फेअरला, वसंतात किंवा शरदात, गाठ पडायची शक्यता असतेच.

पैसे वीचॅटवर आले असतील, तर काम फारच सोपं. लाल पाकीट किंवा हस्तांतर २४ तासांत स्वीकारलं नाही, तर रक्कम आपोआप पाठवणाऱ्याकडे परत जाते. तुम्ही फक्त त्यावर बोट ठेवायचं नाही, आणि खाली आभाराचा एक हसरा निरोप टाकायचा. पाकीट का उघडलं नाही, याचं स्पष्टीकरण द्यायची गरज नसते.

परत केल्यानंतरचा आठवडा

खरी कसोटी इथे असते, आणि लोक नेमकं इथेच गाफील राहतात. मनात अढी राहिली असेल, तर ती भांडणातून दिसत नाही. त्याचे निरोप उशिरा येऊ लागतात, त्याच्याऐवजी सहायक उत्तरं देते, आणि कालपर्यंत नावाने हाक मारणारा माणूस ‘मिस्टर’ लावून लिहू लागतो.

यावर माफी मागू नका, खुलासा तर करूच नका. त्याने तो विषय पुन्हा उघडा पडतो. त्याऐवजी त्याच्याकडे काहीतरी लहानसं मागा, धंद्याशी संबंध नसलेलं. वडिलांसाठी चहा चांगला निघाला, दुसऱ्या वेळचा कुठून घेऊ? भाचीला तिकडे वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवायचं म्हणतायत, ते शहर कसं आहे? मदत मागितली, की त्याचं वजन तुमच्या लेखी कायम आहे हे त्याला न सांगता समजतं, आणि ज्याला काही देऊ दिलं नाही त्याला काहीतरी देता येतं. मग त्याच्या माणसांदेखत, व्हिडिओ कॉलवर वगैरे, एखादं वाक्य सहज बोला : शाओशिंगला यांनी माझी जी बडदास्त ठेवली, ती मी घरी सगळ्यांना सांगितली. सोन्याचा उल्लेख तुमच्या तोंडून यापुढे कधीही होता कामा नये, थट्टेतसुद्धा नाही, आणि एजंटपाशीसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी वेळच येऊ नये म्हणून

चिनी नववर्षाच्या महिनाभर आधी सगळ्या चिनी पार्ट्यांना एकाच मजकुराचं शुभेच्छापत्र पाठवा, मालकांच्या सहीने, चिनी आणि इंग्रजी दोन्हींत. त्यात शुभेच्छा, वर्षभराच्या सहकार्याबद्दल आभार, आणि शेवटी एक ओळ : ‘आमच्या कर्मचाऱ्यांना चहा, फळं आणि मिठाई यांपलीकडे भेट स्वीकारता येत नाही, आपण समजून घ्याल अशी विनंती.’ ‘भेटी पाठवू नका’ एवढंच लिहिलंत, तर ते दार आपटल्यासारखं वाटतं. चहा, फळं आणि मिठाई ही नावं लिहिलीत, तर द्यायचं काय हे त्याला कळतं आणि द्यायची हौसही भागते. पत्र सगळ्यांना एकाच दिवशी गेलं पाहिजे. ज्याने सोनं दिलं होतं त्याला वेगळं, आधी किंवा जास्त प्रेमळ भाषेत पाठवू नका. खछ्याओतले दोन कारखानदार जेवायला एकत्र बसतात तेव्हा अशी पत्रं ताडून बघतात, आणि दोन्हींत फरक दिसला, तर पत्र कोणामुळे निघालं ते सगळ्या टेबलाला कळतं.